बावीस बायका आणि एक नणंद

लोक मला टायपिस्ट म्हणतात आणि मला त्याचा राग येतो. टाइप करायला बोटं लागतात, माझ्या कामाला कान लागतात. अकोल्याच्या जठारपेठेत अब्बांचं टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. त्याच्या मागच्या खोलीत संगणक ठेवून मी लोकांचे प्रबंध उतरवते. संशोधक गावोगाव फिरून मुलाखती घेतात आणि कॅसेट माझ्या टेबलावर आणून टाकतात. मी हेडफोन लावते, दोन वाक्यं ऐकते, थांबवते, लिहिते, पुन्हा मागे नेते. एका तासाच्या कॅसेटला माझे सहा-सात तास जातात.

सीमा माझ्याकडे आली ती २००७च्या उन्हाळ्यात. मूर्तिजापूरकडच्या एका गावातली, जानरावांची मुलगी. अकोल्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवायची आणि अमरावतीला विद्यापीठात पीएच.डी. करत होती. विषय होता, कापसाच्या पट्ट्यात नवरा गेलेल्या बायका आणि नवऱ्याच्या जमिनीवर त्यांचं नाव लागतं का. त्या वर्षांत आमच्याकडे असा विषय शोधायला लांब जावं लागत नव्हतं. दिल्ली-मुंबईची माणसं गाड्या भरून यायची, दोन दिवसांत गाव पाहून जायची आणि त्यावर जाड जाड अहवाल लिहायची. सीमाला त्यांची भारी चीड होती.

"त्याईले आमच्या बायका काय समजनार? मी इथली हाव. माझा सख्खा भाऊ गेला, हीना. बाया माझ्याजवळ मन मोकळं करतात," ती म्हणाली.

बावीस बायकांच्या बावीस कॅसेट तिने एका पिशवीतून टेबलावर ओतल्या. "भाषा जराशी नीट कर. परीक्षक बाहेरचे राहतात," एवढी एक सूचना दिली आणि कॉलेजला पळाली.

मी भाषा नीट केली. 'मले'चं 'मला' केलं, 'काहून'चं 'का' केलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला कामात सफाई लागते, ती माझी खोड आहे. मुलाखतीच्या सुरुवातीचं 'या, बसा', चहा ठेवू का, आई कशी आहे, हे सगळं मी फापटपसारा म्हणून गाळून टाकलं. मुद्दा तेवढा ठेवला. पानं अशी स्वच्छ दिसत होती की माझी मीच खूश होते.

त्या स्वच्छ पानांतून सीमाचा निष्कर्ष निघाला. बावीसपैकी सतरा बायकांनी सांगितलं होतं की जमीन नावावर झाली नाही, पण सासरचे पाठीशी उभे राहिले, आपली काही तक्रार नाही. त्यावरून सीमाने मांडलं की संकटात घरच बाईला सांभाळतं आणि सातबाऱ्यावर नाव हवं ही ओरड बाहेरच्यांची आहे. तीनशे पानं झाली. ऑक्टोबरअखेर प्रबंध जमा करायचा होता. ती तारीख हुकली तर नोंदणी रद्द होणार होती, कारण मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. पदवी मिळाली तर तिची नोकरी पक्की व्हायची होती.

सप्टेंबरात तिचे मार्गदर्शक गावंडे सर यांनी मसुदा परत पाठवला. पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, 'यात तू कुठे आहेस?' सीमाने ते मला दाखवलं आणि कपाळाला हात लावला. अशा संशोधनात मोजपट्टी नसते, सर म्हणतात, विचारणारं माणूस हीच मोजपट्टी. म्हणून ती कुठून आली, त्या बायकांच्या नजरेत ती कोण होती, त्याचा उत्तरांवर काय परिणाम झाला, हे वाचणाऱ्याला सांगायला हवं. नुसतं सुरुवातीला सांगून भागत नाही, पुढे निष्कर्ष काढतानाही त्याचा हिशेब दिसायला हवा.

"अर्ध्या पानात उरकून टाकू," सीमा म्हणाली आणि माझ्यासमोर बसून तिने सांगितलं, मी टाइप केलं.

'मी स्वतः शेतकरी कुटुंबातली आहे. माझ्या सख्ख्या भावाचा मृत्यू याच काळात झाला. मी याच भागातली मुलगी असल्याने या स्त्रिया माझ्याशी मोकळेपणाने, खरे बोलल्या.'

शेवटचं वाक्य टाइप करताना माझी बोटं थांबली. चौदा नंबरची कॅसेट मला आठवली. खरं म्हणजे ती मी विसरलेच नव्हते.

"सीमा, हे खोटं हाय," मी म्हटलं.

"काय खोटं?"

"मोकळेपणानं बोलल्या, हे."

तिचा चेहरा उतरला. मग चढला. "तुले काय मालूम? तू होती का तिथं?"

"मी तिथं नव्हती, म्हणून तं ऐकू आलं." मला राग आला की माझी जीभ थांबत नाही. मी कपाट उघडलं, चौदावी कॅसेट काढली आणि हेडफोन तिच्या कानावर चढवला.

त्या मुलाखतीत मध्येच सीमाला कुणीतरी बाहेर बोलावलं होतं. रेकॉर्डर चालूच राहिला. ती बाई शेजारणीला हळू आवाजात म्हणाली, 'तिले काय सांगतं बाई? ते बी कोनाची तं नणंदच हाय. जानरावच्या घरची. भावजयीच्या जमिनीच्या कागदावर इचीच सही हाय म्हनतात. इले सांगितलं तं उद्या माझ्या सासऱ्याच्या कानावर जाईन.' मग चपलांचा आवाज, सीमा परत आली, आणि त्याच बाईचा आवाज एकदम गोड झाला. 'तं काय सांगत होती मी ताई? सासरचे लय चांगले हायेत.'

सीमाने हेडफोन काढला. बराच वेळ ती वायरचा गुंता सोडवत राहिली.

"हे कागदावर काहून नाही?"

आता माझी पाळी होती. फापटपसारा म्हणून गाळलं असं सांगता आलं असतं. पण मी दुसरीला खोटारडी म्हणून नुकतीच मोकळी झाले होते. "मी मुद्दाम गाळलं," मी म्हटलं. "पहिले वाटलं, तू गिऱ्हाईक, तुले कशाले दुखवा. पन ते बी पुरतं खरं नाही. माझी सईदाभाभी शिलाई मशीन मागून राहिली दोन वर्षांपासून. अम्मीनं नाही म्हटलं तेव्हा मी बाजूलेच बसून होती, एक शब्द बोलली नाही. मी पन नणंदच हाव. मले ते वाक्य टोचलं, मी उडवून टाकलं."

मग मी बाकीच्या कॅसेट लावल्या. गाळलेली सुरुवात आम्ही दोघींनी ऐकली. 'या नणंदबाई.' 'नणंदबाईले पाट द्या.' 'तुमच्या आईले सांगा, आमी मजेत हाव.' बावीसपैकी अठरा घरांत तिला असंच बसवलं होतं. आपल्याकडे गावची मुलगी ही गावातल्या सगळ्या सुनांची नणंद. माहेरी आलेल्या नणंदेपुढे सून सासरची तक्रार करत नाही, हे आमच्या जठारपेठेतल्या पोरीलाही कळतं. सीमाला मात्र तीन वर्षांत ते दिसलं नव्हतं. ती स्वतःला भाऊ गेलेली बहीण समजत होती, आणि त्या बायका तिला नणंद म्हणून पाहत होत्या.

"त्या कागदाचं काय हाय?" मी विचारलं.

तिने सांगितलं. थांबत थांबत, खाली बघून. भाऊ गेला तेव्हा त्याच्या नावावर तीन एकर होती. मूलबाळ नव्हतं. वारस दोघी, त्याची बायको केशर आणि आई पार्वताबाई. जानरावांना भीती की केशर तरुण आहे, उद्या दुसरं लग्न करेल आणि जमीन परक्या घरी जाईल. म्हणून केशरने आपला हिस्सा सासूच्या नावे सोडल्याचा हक्कसोड लेख करायचं ठरलं. केशर आठ दिवस गप्प होती. तिला समजवायला शिकलेली नणंद पुढे केली. 'वहिनी, घरातलीच गोष्ट हाय, करा सही,' असं सीमाच म्हणाली होती. साक्षीदार म्हणून लेखावर तिची सही होती. त्यानंतर चार महिन्यांनी तिने पीएच.डी.चा विषय नोंदवला.

"म्हणूनच निवडला असंल," ती म्हणाली. "घर बाईले सांभाळते, हे मले कोनाकडून तरी ऐकायचं होतं. सतरा जणींकडून ऐकलं." आणि ती माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडली. माझेही डोळे भरून आले, पण मी तिला गप्प हो म्हटलं नाही. ते रडणं कधीतरी व्हायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अमरावतीला गावंडे सरांकडे गेलो. मी गेले कारण गाळण्याचा गुन्हा माझा होता. सरांनी सगळं ऐकून घेतलं. सीमा म्हणाली, "सर, हे लिहिलं तर माझा प्रबंध संपला. माझा निष्कर्षच माझी सही झाकायला काढला असं कुणीही म्हणेल."

"न लिहिलं तर कुणी म्हणणार नाही?" सर म्हणाले. "चौदाव्या बाईला माहीत आहे. तिच्या शेजारणीला माहीत आहे. तुझ्या निष्कर्षाच्या विरोधातली सगळ्यात मोठी गोष्ट तूच जाणतेस आणि तूच दडवतेस, मग तो निष्कर्ष उभा कशावर? ती गोष्ट मांड, तिच्याशी झगड, आणि तरी जे उरेल तेवढंच म्हण. कमी उरेल, पण पक्कं उरेल."

मग त्यांनी आणखी एक बजावलं. चौदाव्या बाईचं ते बोलणं तिच्या परवानगीशिवाय झालेलं आहे, ते प्रबंधात छापता येणार नाही. तिच्याकडे परत जायचं, सांगायचं आणि विचारायचं. मुदतीचं मी बघतो, म्हणाले. त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं आणि कशीबशी शेवटची सहा महिन्यांची मुदत मिळाली.

सीमा पुन्हा बावीस घरी गेली. या वेळी रेकॉर्डर काढण्याआधी ती स्वतःबद्दल सांगायची. मी जानरावची मुलगी, माझ्या भावजयीच्या हक्कसोडीवर माझी सही आहे, मी मागच्या वेळी हे सांगितलं नाही. तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसेल तर कॉलेजातल्या दुसऱ्या बाई येतील, त्या या भागातल्या नाहीत, आणि अजिबात बोलायचं नसेल तरी चालेल. चौघींनी दार लोटलं. तिघी गाव सोडून गेल्या होत्या. पंधरा जणी बोलल्या. त्यातल्या नऊ जणींनी वेगळंच सांगितलं. कुणाला सासऱ्याने तलाठ्याकडे जाऊच दिलं नव्हतं, कुणाला कोरा कागद पुढे केला होता. सहा जणी मात्र आधीच्याच बोलण्यावर ठाम राहिल्या. त्यांचे सासरचे खरंच चांगले होते. चौदाव्या बाईने परवानगी दिली. म्हणाली, 'लिवा. नाव तेवढं नका लिवू.'

त्या कॅसेट मी अक्षरन् अक्षर उतरवल्या. 'मले'ला 'मले'च ठेवलं. 'या, बसा' ठेवलं. किती सेकंद शांतता गेली तेही कंसात लिहिलं. जुन्या बावीसही पुन्हा ऐकून पुन्हा उतरवल्या. अर्धवट झोप आणि सुजलेले कान, असे ते चार महिने गेले. शेवटी परिशिष्टासाठी सीमाने मलाही एक टिपण लिहायला लावलं. मी लिहिलं, 'पहिल्या उताऱ्यात मी हे हे गाळले होते, आणि गाळण्याचे माझे कारण असे होते.' सईदाभाभीचं नाव घातलं नाही, पण तिला वाचून दाखवलं. मग मशीनसाठी मी अम्मीशी भांडले.

प्रबंधातली सीमाची भूमिका आता अर्ध्या पानाची राहिली नव्हती, सात पानांची झाली होती. त्यात केशरवहिनी येत होती. म्हणून ती सात पानं घेऊन सीमा गावी गेली आणि वहिनीला वाचून दाखवली. परत आली ती थेट माझ्याकडे.

"काय म्हणाली?"

"पूरं ऐकलं. मंग म्हणाली, 'बावीस बायांच्या दारी गेल्या तुमी. मी तं तुमच्याच चुलीपाशी बसून होती. मले कधी इचारलं नाही.'"

"मंग?"

"मंग म्हणाली, 'लिवा. नावासकट लिवा. साऱ्या गावाले मालूम हाय, लपवाचं काय?'"

सरांनी तरी नाव बदलायला लावलं. गावाला माहीत असणं वेगळं, प्रबंध पन्नास वर्षं कपाटात राहतो, उद्या तिचं मन बदललं तर खोडता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. वहिनीने ते मानलं, पण एक अट घातली. तोंडी परीक्षेला मी येईन.

तोंडी परीक्षा डिसेंबर २००८मध्ये अमरावतीला झाली. खुली असते ती, कुणालाही बसता येतं. पाचपन्नास खुर्च्या होत्या, निम्म्या रिकाम्या. केशरवहिनी शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसली. साधी हिरवी साडी, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. तिशीचीसुद्धा नसेल. बाहेरच्या परीक्षक बाई औरंगाबादहून आल्या होत्या. बारीक चष्मा आणि आवाजाला धार.

"तुम्ही स्वतःच सांगता की तुम्ही या प्रश्नात गुंतलेल्या आहात," त्या म्हणाल्या. "मग तुमच्यावर विश्वास का ठेवायचा? आणि पहिल्या बावीस मुलाखती फेकून का दिल्या नाहीत?"

सीमाने उत्तर दिलं. "माझ्यावर ठेवू नका, मॅडम. मी कुठे उभी होते ते लिहिलंय, तिथून मला काय दिसलं नसेल ते तुम्ही स्वतः तपासू शकता. दोन्ही वेळचे उतारे मागे जोडलेत. पहिल्या मुलाखती खोट्या म्हणून फेकल्या असत्या तर माझा मुख्य पुरावाच गेला असता. सासरचे चांगले आहेत, हे वाक्य नणंदेला सांगितलेलं आहे. ते माहिती म्हणून वाचलं तर चुकतं. पण बाई कुणापुढे काय बोलू शकते, याचा पुरावा म्हणून वाचलं तर ते खरं आहे. घर बाईला सांभाळतं असं मी आधी म्हणत होते. आता मी एवढंच म्हणते, की जमीन ज्यांच्या हातात आहे त्यांच्या माणसापुढे या बायका तक्रार करत नाहीत, म्हणून तक्रार नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही."

"आणि दुसऱ्या वेळचं खरं कशावरून? तुम्ही चूक कबूल करून गेलात. पश्चात्तापी नणंदेला हवं तसं त्या बोलल्या नसतील?"

"असतील. ते मी दोनशे चाळीस पानावर लिहिलंय. म्हणून त्या पंधरांतल्या पाच मुलाखती दुसऱ्या बाईंकडून करवल्या. त्या पाचांतल्या तिघींनी त्यांनाही सासरच्यांची अडवणूकच सांगितली, दोघींनी नाही. आणि सहा जणी दोन्ही वेळा बदलल्या नाहीत, त्यांचं घर खरंच वेगळं आहे. माझा दावा सगळ्यांवर लागू होत नाही."

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "वाचताना मी समासात आक्षेप लिहीत होते," त्या म्हणाल्या. "दर वेळी पान उलटलं की माझाच आक्षेप तुम्ही माझ्या आधी मांडलेला असायचा. माझं काम कमी झालं. सतरा समाधानी बायकांचा प्रबंध माझ्याकडे आला असता, तर मी तो परत पाठवला असता."

गावंडे सर समोर बघत बसले होते, पण त्यांचा पाय खाली हलत होता. शेवटी अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, "उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?" असं विचारतात आणि कुणी विचारत नाही. त्यांनी फाइल मिटायला घेतली होती.

केशरवहिनी उभी राहिली. पिशवी खुर्चीवर ठेवून, पदर सारखा करून.

"मले इचारायचं हाय."

सगळे मागे वळले. सीमा टेबलाची कड धरून उभी होती.

"तुमी हे समदं खरं लिवलं," वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "या मॅडमबी म्हनून राहिल्या चांगलं लिवलं. मंग माह्या जमिनीचं काय?"

अध्यक्ष काहीतरी पुटपुटले, की हा प्रश्न विषयाच्या कक्षेत येत नाही. "येतो," परीक्षक बाई म्हणाल्या. "उत्तर देऊ द्या त्यांना."

मी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. एकोणीस सेकंद शांतता गेली. माझ्या हातून उतरलेली कुठलीही शांतता मला इतकी लांब वाटली नव्हती.

"आई तयार नाही, वहिनी," सीमा म्हणाली. प्रमाण मराठी गळून पडली होती. "बाबा तं बोलूनच नाही राहिले माह्याशी. मी तिले तुमच्या नावानं बक्षीसपत्र कर म्हटलं, तिनं नाही म्हटलं. हे मी पुस्तकात लिवलं नाही. लाज वाटली."

"मंग ते बी लिवा," वहिनी म्हणाली आणि खाली बसली.

सीमाला पदवी मिळाली. अध्यक्षांनी जाहीर केलं, टाळ्या झाल्या, गावंडे सरांनी डोळे पुसले. पण पेढ्याचा पुडा फुटायच्या आधी सीमा शेवटच्या रांगेत आली, वहिनीच्या पायाशी जमिनीवर बसली आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी पर्समधून पेन दिलं. प्रबंधाची तिची स्वतःची प्रत उघडून, त्या सात पानांच्या शेवटी उरलेल्या कोऱ्या जागेत तिने लिहायला घेतलं, 'माझ्या आईने नकार दिला आहे.' तिथं ती अडली.

"पुढं?" वहिनी वाकून म्हणाली. तिला वाचता येत होतं. इतक्या वर्षांत ते कुणी तिला विचारलं नव्हतं.

सीमाने पुढे लिहिलं, 'आणि मी अजून त्याच घरात जेवते.'

वहिनीने ते दोनदा वाचलं. मग पिशवीतला डबा काढला, झाकण उघडलं आणि तिच्यापुढे सरकवला. "आज इथं जेवा," ती म्हणाली. "उद्या घरी जाऊ तवा दोघी मिळून मांगू."